यंत्रातल्या यंत्राचा पत्ता

तालुक्याच्या गावातलं एखादं सार्वजनिक ग्रंथालय डोळ्यांसमोर आणा. ग्रंथपालांच्या टेबलावर विंडोजचा एक बऱ्यापैकी नवा डेस्कटॉप आहे, देवघेवीच्या टेबलावर एक जुना संगणक आणि वाचकांनी पुस्तकं शोधावीत म्हणून दाराशी तिसरा. पुस्तकांच्या नोंदींसाठी 'कोहा' वापरायचं ठरलेलं आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयात २००० साली सुरू झालेली ही मोफत प्रणाली आज जगभर वापरात आहे. अडचण एकच, ती लिनक्सवर चालते. डेस्कटॉपवरचं विंडोज तर काढता येत नाही, कारण हिशेब, मराठी टायपिंग, प्रिंटर असं सगळं त्यावर बसलेलं. मग त्याच डेस्कटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात डेबियन लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन उभं करायचं आणि कोहा त्यात ठेवायचं, हा सरळ आणि बिनखर्चाचा मार्ग.

कोहा बसतं, चालू होतं. आतलं मशीन इंटरनेटवरून अपडेट उतरवून घेतं, म्हणजे नेटवर्क ठीक आहे असं वाटतं. पण देवघेवीच्या टेबलावरून तेच पान उघडायला जावं तर ब्राउझर गोल फिरत राहतो आणि शेवटी हात टेकतो. केबल बदलून बघितली जाते, राउटर बंद-चालू होतो. बिघाड मात्र कशातच नसतो. आतल्या मशीनला बाहेर जायची वाट आहे. बाहेरच्यांना त्याच्याकडे यायची वाट नाही, एवढंच घडलेलं असतं.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवं मशीन तयार केलं की त्याचं नेटवर्क आपोआप `NAT` या प्रकारात जातं. आतल्या मशीनमध्ये `ip a` ही आज्ञा दिली तर पत्ता दिसतो `10.0.2.15`. हा पत्ता ओळखीचा करून ठेवावा, कारण या प्रकारात पहिल्या कार्डावर प्रत्येक मशीनला बहुधा हाच मिळतो. त्याच डेस्कटॉपवर दुसरं मशीन उभं करा, त्यालाही `10.0.2.15`. दोघांत भांडण होत नाही, कारण प्रत्येकाला व्हर्च्युअलबॉक्सने स्वतंत्र, बंदिस्त जाळं दिलेलं असतं आणि दाराशी एक काल्पनिक राउटर बसवलेला असतो. मशीनने बाहेर काही मागितलं की हा राउटर ती मागणी डेस्कटॉपच्या नावाने पुढे पाठवतो, आलेलं उत्तर लक्षात ठेवून आत पोचवतो. पण कोणी बाहेरून आपणहून आलं, तर ते कोणासाठी आलंय हे ठरवायला त्याच्याकडे काही आधार नसतो. सोसायटीत पोटभाडेकरू म्हणून राहणाऱ्यासारखं हे आहे: तो रोज बाहेर जाऊन येतो, पण नावाची पाटी मालकाची, म्हणून त्याला शोधत आलेला पाहुणा गेटवरूनच परत जातो.

इथून दोन मार्ग निघतात.

पहिला म्हणजे `Bridged Adapter`. मशीनच्या `Settings` मध्ये `Network` उघडून `Attached to` समोर हा पर्याय निवडायचा. खाली `Name` समोर डेस्कटॉपमधल्या नेटवर्क कार्डांची यादी येते, आणि चूक बहुतेकदा इथेच होते. ज्या कार्डात खरोखर केबल लावलेली आहे तेच निवडायला हवं. न वापरलेलं वाय-फाय कार्ड निवडलं गेलं, तर मशीन सुरू होतं, पण त्याला पत्ताच मिळत नाही. कार्ड बरोबर असेल तर मशीन पुन्हा सुरू केल्यावर `ip a` मध्ये ग्रंथालयाच्या राउटरने दिलेला पत्ता दिसेल, समजा `192.168.1.37`. आता आतलं मशीन त्या जाळ्यावरचा चौथा संगणक झालं. राउटरच्या दृष्टीने ते कुठल्या डब्यात राहतं याला काही अर्थ उरत नाही. देवघेवीच्या टेबलावर `http://192.168.1.37` टाइप केलं की वाचकांचं शोधपान उघडतं आणि `:8080` जोडलं की कर्मचाऱ्यांचं.

यातही एक गोष्ट लगेच करून टाकावी. राउटर पत्ते उसने देतो. चार दिवस वीज गेली, यंत्रं मागेपुढे सुरू झाली की `.37` दुसऱ्याच कोणाला जाऊ शकतो. म्हणून राउटरच्या पानावर जाऊन हा पत्ता या मशीनसाठी राखून ठेवायचा. तिथल्या यादीत आपलं मशीन ओळखायला सोपी खूण आहे: व्हर्च्युअलबॉक्स जे मॅक पत्ते देतं ते `08:00:27` ने सुरू होतात. मशीनची प्रत काढून दुसरं मशीन बनवणार असाल, तर प्रत काढतानाच नवा मॅक पत्ता तयार करण्याचा पर्याय निवडा. नाहीतर एकाच जाळ्यावर एकाच नावाचे दोघे उभे राहतात आणि जोडणी कधी लागते, कधी तुटते. असला अधूनमधून होणारा बिघाड शोधणं पूर्ण बंद पडलेल्या यंत्रापेक्षा कितीतरी कठीण.

मग सरळ ब्रिज करून मोकळं का होऊ नये? केबल असेल तर मी तेच सुचवेन. पण डेस्कटॉप वाय-फायवर असेल तर गोष्ट वेगळी. वाय-फायचा राउटर ज्या कार्डाने परवलीचा शब्द देऊन ओळख पटवली, त्याच्याच मॅक पत्त्यावरून आलेला मजकूर स्वीकारतो. ब्रिजमध्ये एकाच कार्डातून दोन वेगळे मॅक पत्ते बोलायला लागतात, आणि दुसऱ्याला राउटर ओळखत नाही. व्हर्च्युअलबॉक्स यावर तोड काढतं. जाता-येता पत्ते बदलून दोघांना एकाच मॅकवर चालवतं. बऱ्याच ठिकाणी ते निभावतं, काही कार्डांवर निभावत नाही. कॉलेजं आणि मोठ्या कार्यालयांत तर केबलवरही अडचण येते, कारण तिथले स्विच एका सॉकेटवर एकाच मॅकला परवानगी देतात. दुसरा दिसला की सॉकेटच बंद करणारे स्विचही असतात, आणि मग डेस्कटॉपचंही नेटवर्क जातं. अशा जागी नेटवर्क सांभाळणाऱ्यांना आधी विचारणं बरं.

दुसरा मार्ग अशा वेळी कामाला येतो. `NAT` तसंच ठेवायचं आणि दाराशी बसलेल्या राउटरला सांगून ठेवायचं की अमुक पोर्टवर कोणी आलं तर त्याला आत सोड. `Network` मध्येच `Port Forwarding` चं बटण आहे, तिथे तक्ता भरता येतो. आज्ञा देऊन करायचं तर मशीन बंद असताना:

```
VBoxManage modifyvm "koha" --natpf1 "opac,tcp,,8000,,80"
VBoxManage modifyvm "koha" --natpf1 "staff,tcp,,8080,,8080"
```

पहिल्या ओळीचा अर्थ असा, की डेस्कटॉपच्या `8000` पोर्टवर आलेलं आतल्या मशीनच्या `80` वर द्यावं. बाहेरही `80` च का नाही? कारण विंडोजवर तो पोर्ट कधीकधी आधीच कोणीतरी अडवलेला असतो. आता सगळ्यांनी पत्ता टाकायचा तो डेस्कटॉपचा. डेस्कटॉप `192.168.1.20` असेल, तर `http://192.168.1.20:8000`. साहजिकच राखून ठेवायचा पत्ताही डेस्कटॉपचाच. शिवाय कोहाच्या सेटिंगमध्ये शोधपानाचा आणि कर्मचारी-पानाचा पत्ता लिहिण्याची जागा असते, तिथेही पोर्टसकट हेच पत्ते भरावेत. नाहीतर पहिलं पान उघडतं आणि पुढच्या दुव्यावर गाडी अडते.

या मार्गाच्या मर्यादा वापरू लागल्यावर कळतात. आतल्या मशीनच्या नोंदवहीत प्रत्येक पाहुणा `10.0.2.2` या एकाच पत्त्याने दिसतो, म्हणून कोणत्या टेबलावरून काय झालं ते तिथून कळत नाही. आणि फोल्डर वाटून द्यायचे असतील तर हा मार्ग फारसा उपयोगी नाही. विंडोजची फाइल-देवाणघेवाण `445` या पोर्टवर चालते आणि तो डेस्कटॉपने स्वतःसाठीच धरलेला असतो. एक-दोन वेबपानं असतील तर पोर्ट उघडून भागतं. सेवा वाढत गेल्या की ब्रिज बरा.

दोन्ही मार्गांत सगळं नीट करूनही पान उघडलं नाही, तर आतून बाहेर असं तपासत यावं. आधी आतल्या मशीनमध्येच `curl -I http://localhost` देऊन पाहायचं. इथेच उत्तर नसेल तर दोष कोहाचा आहे, नेटवर्कचा नाही. मग डेस्कटॉपच्या ब्राउझरमधून, आणि शेवटी दुसऱ्या संगणकावरून. ब्राउझर काय म्हणतो तेही नीट वाचावं. लगेच नकार आला, तर बहुधा आपण मशीनपर्यंत पोचलो आहोत, त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. बराच वेळ वाट पाहून मुदत संपली, तर वाटेत फायरवॉल मजकूर गिळतंय किंवा पत्ताच चुकलाय. डेस्कटॉपवरून उघडतं पण दुसऱ्या संगणकावरून नाही, हे `NAT` मध्ये वारंवार दिसतं आणि बहुतेक वेळा विंडोजचं फायरवॉल त्यामागे असतं. विंडोजने पहिल्यांदा परवानगी विचारली तेव्हा घाईत `Cancel` दाबलेलं असतं, किंवा ग्रंथालयाचं जाळं `Public` म्हणून नोंदलेलं असतं. ते `Private` करून व्हर्च्युअलबॉक्सला परवानगी दिली की काम होतं. ब्रिजमध्ये मात्र विंडोजच्या फायरवॉलचा संबंध नसतो, तिथे आतल्या लिनक्सचं फायरवॉल पाहायचं.

हाच मुद्दा उलटा करून पाहिला तर सुरक्षेचा प्रश्न समोर येतो. ब्रिज केलेलं मशीन विंडोजच्या आडोशाला राहत नाही. त्याचा प्रत्येक उघडा पोर्ट जाळ्यावरच्या सगळ्यांना दिसतो. अद्ययावत डेबियनला त्याची फारशी भीती नाही. पण जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी कोणी विंडोज एक्सपीचं मशीन जपून ठेवलं असेल, तर ते ब्रिज करू नये. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीची नियमित देखभाल थांबवली. ते `NAT` च्या आतच बरं, आणि इंटरनेटची गरज नसेल तर केबल काढलेलंच बरं.

वाचकांनी घरून मोबाइलवर पुस्तकं शोधावीत अशी इच्छा लवकरच निघते, आणि ब्रिज केल्यामुळे ते आपोआप होईल असं अनेकांना वाटतं. `192.168` ने सुरू होणारे पत्ते इमारतीच्या बाहेर चालत नाहीत. ग्रंथालयाचा राउटर स्वतःही `NAT` च करत असतो, म्हणजे तिथेही पोर्ट उघडून द्यावा लागेल. त्याआधी राउटरच्या पानावर त्याला बाहेरून मिळालेला पत्ता पाहून घ्या. तो `100.64` ते `100.127` च्या दरम्यान सुरू होत असेल, तर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. अशा जोडणीवर राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरचा वाचक आत पोचणार नाही. त्यासाठी कंपनीकडून स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागून घ्यावा लागतो.