विश्लेषण : देवमासा पूर्वी जमिनीवर चालत होता, हे हाडांवरून कसे कळले?

देवमासा मासा नाही, हे शाळेत शिकवले जाते. तो हवेत श्वास घेतो, पिल्लांना दूध पाजतो. म्हणजे त्याचे पूर्वज कधी तरी जमिनीवर असणार, हा अंदाज जुनाच. पण ते पूर्वज कोण, कुठले आणि पाण्यात का उतरले, याची उत्तरे गेल्या चार-पाच दशकांत मिळाली, तीही प्रामुख्याने भारत आणि पाकिस्तानातल्या खडकांतून. त्यातला एक महत्त्वाचा पुरावा तर हातून झालेल्या चुकीमुळे उघडा पडला.

फुटलेल्या कवटीत काय दिसले?

जम्मूच्या राजौरी जिल्ह्यात कालाकोट नावाचे ठिकाण आहे. भारतीय भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी तिथून जीवाश्म असलेले बरेच खडक गोळा केले होते. त्यातील काही दात आणि जबड्याच्या तुकड्यांवरून त्यांनी १९७१ मध्ये एका लहानशा खुरी प्राण्याची नोंद केली आणि त्याला ‘इंडोह्यूस’ हे नाव दिले. उरलेले बरेचसे खडक मात्र न फोडताच राहिले. राव यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने ते खडक अमेरिकेतील संशोधक हान्स थेविसन यांच्याकडे सोपवले.

थेविसन यांच्या प्रयोगशाळेत खडकातून हाडे मोकळी करण्याचे काम सुरू होते. ते करताना तंत्रज्ञाच्या हातून एका कवटीचा कानाजवळचा भाग तुटला. तुटलेला तुकडा हातात घेतल्यावर थेविसन यांना त्यात ओळखीची खूण दिसली. मधल्या कानाभोवती हाडाची वाटी असते. देवमाशांमध्ये या वाटीची आतली कड विलक्षण जाड आणि भरीव असते. ही कड देवमासे आणि डॉल्फिन यांचीच, असे तोवर मानले जात होते. इथे मात्र ती चार पायांच्या, साधारण मांजराएवढ्या खुरी प्राण्याच्या कानात होती. डिसेंबर २००७ मध्ये हे संशोधन ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय संशोधक सुनील बाजपेयी आणि बी. एन. तिवारी हे त्याचे सहलेखक होते.

घोट्याने वाद कसा मिटवला?

खुरी प्राण्याशी नाते ही कल्पना २००७ मध्ये नवी नव्हती, पण तिच्यावरून मोठा वाद होऊन गेला होता. १९६०च्या दशकापासून जीवाश्मतज्ज्ञ दातांकडे बोट दाखवत. प्राचीन देवमाशांचे त्रिकोणी दात ‘मेसोनिकिड’ या नामशेष मांसाहारी प्राण्यांच्या दातांसारखे दिसतात. म्हणून तेच पूर्वज, असे मानले गेले. १९९०च्या दशकात जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांनी वेगळेच सांगितले. त्यांच्या मते देवमाशाचा आजचा सर्वांत जवळचा नातेवाईक पाणघोडा आहे. म्हणजे गाय, हरीण, डुक्कर यांच्या समखुरी कुळातलाच. दात एक सांगत होते आणि डीएनए दुसरेच.

निकाल लावला तो घोट्याच्या हाडाने. बकऱ्याच्या मागच्या पायाच्या घोट्यात एक छोटे हाड असते. त्याची दोन्ही टोके कप्पीसारखी, मध्ये खाच असलेली असतात. वरच्या कप्पीवर पायाची नळी फिरते आणि खालच्या कप्पीवर पाऊल. घोडा, कुत्रा, माणूस यांच्या घोट्यात अशी दुहेरी कप्पी नसते; ती समखुरी प्राण्यांची ओळखच आहे. आता देवमाशाचा घोटा शोधायचा, तर मागचे पाय शाबूत असलेला देवमासा हवा. सप्टेंबर २००१ मध्ये तसे जीवाश्म एकाच आठवड्यात दोन गटांनी जाहीर केले. दोन्ही गटांचे जीवाश्म पाकिस्तानातलेच होते. फिलिप जिंजरिच यांच्या गटाने जलचर होत चाललेल्या देवमाशांची हाडे मांडली आणि थेविसन यांच्या गटाने सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या ‘पाकिसेटस’ची. सगळ्यांच्या घोट्यात दुहेरी कप्पी होती. जिंजरिच स्वतः मेसोनिकिडच्या बाजूचे. ही हाडे पाहून त्यांनी मत बदलले. दातांचे साम्य फसवे होते. सारखा आहार असला की नाते नसलेल्या प्राण्यांचे दातही सारखे होऊ शकतात.

इंडोह्यूस पाण्यात राहत होता कशावरून?

त्याचे पाय बारीक, हरणासारखे. पोहण्याची कुठलीच सोय त्यात दिसत नाही. पण पायाचे हाड आडवे कापल्यावर वेगळे चित्र दिसले. हाडाची भिंत जाड आणि आतली पोकळी अरुंद होती. पळणाऱ्या प्राण्याला असे जड हाड परवडत नाही. पाण्याच्या तळाशी चालणाऱ्या पाणघोड्याला मात्र ते वजनासारखे उपयोगी पडते, वर तरंगू देत नाही.

दुसरा पुरावा दातांच्या आवरणातला. ऑक्सिजनचे हलके आणि जड असे प्रकार असतात. जमिनीवरच्या प्राण्याच्या शरीरातून घाम आणि श्वासावाटे पाणी उडून जाते. त्यात हलका ऑक्सिजन जास्त जातो आणि जड मागे उरतो. पाण्यात राहणाऱ्या प्राण्यात असा साठा कमी दिसतो. इंडोह्यूसच्या दातांतले प्रमाण पाणवासी प्राण्यांशी जुळले.

मग एवढ्या छोट्या प्राण्याने पाण्याचा आसरा का घेतला? संशोधकांनी आफ्रिकेतल्या पिसोरी हरणाच्या एका नातेवाइकाचे उदाहरण दिले. हा प्राणी जमिनीवर चरतो आणि शिकारी पक्षी किंवा श्वापद दिसले की पाण्यात बुडी मारून लपतो. इंडोह्यूसचेही तसेच असावे. हा पटणारा अंदाज आहे, सिद्ध गोष्ट नव्हे. तो खरा असेल, तर मासे खाण्याच्या ओढीने पूर्वज पाण्यात गेले, ही समजूत उलटी ठरते. आधी पाणी आले आणि मांसाहार नंतर.

मग इंडोह्यूस हाच पूर्वज का?

नाही. बातम्यांत तसे छापून आले, पण हिशेब जुळत नाही. कालाकोटचे जीवाश्म सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, आणि पाकिसेटस त्याहून थोडा जुना. नातू आजोबांच्या आधी जन्मू शकत नाही. इंडोह्यूसचे कुळ हे देवमाशांचे चुलत घराणे. दोन्ही घराण्यांत जे समान आहे, म्हणजे कानाची जाड कड आणि पाण्याची सवय, ते त्यांच्या सामाईक पूर्वजातही असावे, एवढेच म्हणता येते. तो सामाईक पूर्वज अजून सापडलेला नाही.

अपुऱ्या हाडांवरून घाई केली की काय होते, याचा धडा पाकिसेटसनेही दिला आहे. १९८०च्या दशकात त्याची फक्त कवटी आणि जबडा हाती होता. तेव्हाच्या चित्रात तो समुद्रात सूर मारताना दाखवला गेला. पुढे अंगाची हाडे मिळाली, तेव्हा तो लांडग्याएवढा आणि चार पायांवर चालणारा निघाला.

पाय कधी गेले?

पुढची वाट टप्प्याटप्प्याने दिसते. १९९४ मध्ये नोंद झालेल्या ‘अँब्युलोसेटस’चे पाय आखूड, पंजे मोठे आणि जबडा मगरीसारखा लांब होता. त्याच्या दातांतला ऑक्सिजन गोड्या पाण्याचा आहे. त्यानंतरच्या कुळांत मात्र समुद्राच्या पाण्याची खूण मिळते. त्यातले काही जीवाश्म कच्छमध्ये सापडले आहेत. तिथे तेव्हा टेथिस समुद्राचा उथळ किनारा होता. इजिप्तच्या वाळवंटातील वादी अल-हितानमध्ये ‘बॅसिलोसॉरस’चे सांगाडे आहेत. हा प्राणी सुमारे १५ मीटर लांब, पूर्ण समुद्रवासी. तरी त्याला मागचे पाय होते. १९९० मध्ये नोंदवलेल्या या पायांना गुडघा, घोटा आणि बोटेही आहेत. पण पायाची लांबी फुटाच्या आसपासच होती. त्यावर तो उभा राहणे शक्यच नव्हते.

आजच्या देवमाशाच्या शरीरात कमरेची दोन सुटी हाडे उरली आहेत. पाठीच्या कण्याला ती जोडलेली नसतात. प्रजननाच्या स्नायूंना आधार देतात. डॉल्फिनच्या गर्भात मागच्या पायांचे कोंब काही आठवडे दिसतात आणि मग विरून जातात. क्वचित विरत नाहीत. ऑक्टोबर २००६ मध्ये जपानच्या ताइजी किनाऱ्यावर पकडलेल्या एका डॉल्फिनला पोटाच्या मागच्या बाजूस, जिथे पाय असायला हवे होते नेमके तिथे, पंखांची एक जास्तीची जोडी होती.