प्लॅन ३०० एमबीपीएसचा, तरीही मोबाईलवर स्ट्रीम केलेला गेम अडकतो कशामुळे?

इंटरनेटचा नवा प्लॅन घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "स्पीड किती?" सिनेमे बघायचे असतील, मोठ्या फाइल्स डाउनलोड करायच्या असतील, तर हा प्रश्न बरोबरच आहे. पण क्लाउड गेमिंग करणाऱ्यांसाठी किंवा हॉलमधल्या प्लेस्टेशनवरचा गेम बेडरूममध्ये मोबाईलवर खेळणाऱ्यांसाठी तो अपुरा पडतो. शंभरचा प्लॅन तीनशेचा केला, दर महिन्याला जास्तीचे पैसे गेले आणि गेममधला हिरो मात्र अजूनही दरीत पडल्यावरच उडी मारतो, असं बऱ्याच जणांचं होतं.

याचं कारण समजून घ्यायला आधी या गेममध्ये नेमकं काय घडतं ते बघू.

बीजीएमआयसारखा गेम मोबाईलवर खेळताना चित्र तुमचा मोबाईलच काढत असतो. नेटवरून फक्त कोण कुठे आहे, कोणी गोळी झाडली एवढीच माहिती येते-जाते. क्लाउड गेमिंगमध्ये गेम चालतो दूरच्या डेटा सेंटरमधल्या कॉम्प्युटरवर आणि रिमोट प्लेमध्ये तो चालतो तुमच्याच घरातल्या कन्सोलवर. तुमच्या हातातल्या स्क्रीनवर येतो तो फक्त व्हिडिओ. तुम्ही बटन दाबलं की तो इशारा तिकडे जातो, तिकडचा कॉम्प्युटर पुढचं चित्र तयार करतो, ते व्हिडिओ म्हणून लहान करून इकडे पाठवतो आणि तुमचा मोबाईल ते उलगडून दाखवतो. या सगळ्या फेरीत नेटवर्कवर जाण्या-येण्यात जो वेळ जातो, त्याला लेटन्सी म्हणतात. ती मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात.

आता तुम्ही म्हणाल, व्हिडिओच आहे तर नेटफ्लिक्ससारखाच चालायला हवा. इथेच गोम आहे. नेटफ्लिक्सला पुढचा सीन आधीच माहीत असतो, त्यामुळे ते पुढचा व्हिडिओ आधीच आणून ठेवतं. नेट दोन सेकंद गेलं तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. गेममध्ये पुढचं चित्र तुम्ही कोणतं बटन दाबणार यावर ठरतं, म्हणजे साठवून ठेवण्यासारखं काही नसतंच. दर सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. उशिरा आलेलं चित्र बहुतेक वेळा फेकूनच द्यावं लागतं.

या कामाला स्पीड लागतो तरी किती? सोनी रिमोट प्लेसाठी किमान ५ एमबीपीएस मागते आणि चांगल्या अनुभवासाठी १५ सुचवते. एनव्हिडियाची जीफोर्स नाऊ ही सेवा फुल एचडी चित्र ६० फ्रेमवर दाखवायला २५ एमबीपीएस मागते. पण त्याच यादीत दुसरी एक अट असते, जी फारसं कोणी वाचत नाही. डेटा सेंटरपर्यंतची लेटन्सी ८० मिलिसेकंदांच्या आत हवी आणि ४० च्या आत असेल तर उत्तम. म्हणजे ३० एमबीपीएसची स्थिर लाइन पुरते आणि ३०० ची डळमळती लाइन रडवते.

'स्थिर' या शब्दावर थोडं थांबायला हवं. समजा लागोपाठ पाच वेळा लेटन्सी मोजली आणि आकडे आले १२, १४, १३, ११ आणि ९०. सरासरी निघते २८, जी कागदावर झकास दिसते. पण त्या ९० च्या वेळी पाचएक चित्रांचा वेळ निघून गेला, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही बॉल मारत होतात. या चढउताराला जिटर म्हणतात. लेटन्सी कायम ४० राहिली तर हाताला तिची सवय होते. कधी १२, कधी ९० अशी असेल तर सवय होऊच शकत नाही.

मग हा ९० येतो कुठून? घरोघरी सापडणारा एक मोठा दोषी म्हणजे राउटरमधली रांग.

एक घर डोळ्यांसमोर आणा. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे, पण ३०० हा डाउनलोडचा आकडा. काही प्लॅनमध्ये अपलोडही तेवढाच असतो, काहींमध्ये बराच कमी. या घरात तो २० आहे. धाकटा भाऊ क्लाउडवर रेसिंग गेम खेळतोय. ताई लग्नाहून आली, तिचा मोबाईल घरच्या वायफायला जोडला गेला आणि त्यातले शेकडो फोटो-व्हिडिओ आपोआप बॅकअपला जायला लागले. मोबाईल वायफायवरून राउटरला भराभर माल देतो, पण बाहेर जाणारा रस्ता २० एमबीपीएसचाच आहे. उरलेला माल राउटर आपल्या मेमरीत रांगेत उभा करतो. ही रांग १ मेगाबाइटची झाली असं धरू. १ मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट. २० एमबीपीएसच्या रस्त्याने ८ मेगाबिट जायला ०.४ सेकंद, म्हणजे ४०० मिलिसेकंद लागतात.

भावाने ब्रेक दाबला. त्याचा इशारा जेमतेम काही बाइटचा, पण त्यालाही त्याच रांगेत शेवटी उभं राहावं लागतं. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर ट्रकच्या रांगेमागे एखादी दुचाकी अडकावी, तसं. गाडी भिंतीवर आदळल्यावर ब्रेक लागतो. डाउनलोड मात्र मोकळाच असल्यामुळे चित्र अगदी स्वच्छ दिसत राहतं, त्यामुळे नेटवर कोणाला संशयही येत नाही. भाऊ कंट्रोलरला शिव्या घालतो.

या प्रकाराला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या अमेरिकन इंजिनियरने २०१० च्या सुमारास आपल्याच घरच्या इंटरनेटचा छडा लावताना हा दोष शोधला आणि त्याला हे नाव दिलं. मेमरी स्वस्त झाली म्हणून कंपन्यांनी उपकरणांमध्ये मोठमोठ्या रांगांची सोय करून ठेवली. हेतू चांगला होता, एकही पॅकेट वाया जाऊ नये हा. पण गेमसाठी उशिरा पोहोचलेलं पॅकेट हरवलेल्या पॅकेटइतकंच निरुपयोगी असतं.

आपल्या घरात नेमकं काय होतंय हे तपासायला लॅपटॉप पुरतो. तो त्याच खोलीत न्या, जिथे बसून तुम्ही खेळता, आणि वायफायवरच ठेवा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा आणि प्रत्येकीत यातली एक ओळ चालवा.

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 8.8.8.8
```

पहिली ओळ तुमच्या राउटरपर्यंतचा वेळ मोजते, दुसरी बाहेरच्या जगापर्यंतचा. राउटरचा पत्ता वेगळा असू शकतो. `ipconfig` टाइप केल्यावर Default Gateway समोर तो दिसतो. ही चाचणी एकदा नेट रिकामं असताना करा आणि एकदा कोणालातरी मोठा व्हिडिओ अपलोड करायला लावून. इतकी खटपट नको असेल तर fast.com वर Show more info दाबा, तिथे Unloaded आणि Loaded असे लेटन्सीचे दोन आकडे दिसतात. दोघांत जेवढं अंतर जास्त, तेवढी रांग लांब.

आपल्या घरात राउटरपर्यंतचा आकडा दोन्ही वेळा ३ च्या आसपास राहतो. बाहेरचा आकडा रिकाम्या वेळी १२ आणि बॅकअप सुरू असताना ३८० दाखवतो. म्हणजे वायफाय ठीक आहे, दोष रांगेचा आहे. तातडीचा उपाय फुकटचा आहे: खेळताना फोटो बॅकअप थांबवायचा. कायमचा उपाय राउटरमध्ये असतो. काही राउटरमध्ये एसक्यूएम किंवा चांगल्या दर्जाचं क्यूओएस मिळतं. त्यात लाइनच्या खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के मर्यादा घालायची, म्हणजे या घरात अपलोडला १७ किंवा १८ एमबीपीएस. मुद्दाम वेग कमी करायचा हे ऐकायला विचित्र वाटतं. पण त्यामुळे रांग लांबतच नाही आणि छोट्या पॅकेटना मोठ्यांच्या मागे थांबावं लागत नाही. इंटरनेट कंपनीने दिलेल्या साध्या राउटरमध्ये ही सोय अनेकदा नसते.

दुसऱ्या एखाद्या घरात राउटरपर्यंतचाच आकडा ३, ४, ८५, ३, १२० असा नाचत असेल, तर गुन्हेगार वायफाय आहे. घरातल्या घरात रिमोट प्ले करणाऱ्यांची अडचण बहुधा हीच असते. कन्सोल आणि मोबाईल एकाच नेटवर्कवर असले की गेमचा व्हिडिओ घराबाहेर जातच नाही. त्यामुळे प्लॅन शंभरचा असो की हजाराचा, त्याला काही फरक पडत नाही. दोन्ही उपकरणं वायफायवर असतील तर तोच व्हिडिओ हवेतून दोनदा जातो, आधी कन्सोलकडून राउटरकडे आणि मग राउटरकडून मोबाईलकडे. बिल्डिंगमध्ये वीस घरांचे राउटर २.४ गिगाहर्ट्झवर बोलत असतील तर प्रत्येक वेळी हवा मोकळी होण्याची वाट बघावी लागते. इथे काही शे रुपयांची लॅन केबल मोठ्या प्लॅनपेक्षा जास्त काम करते. कन्सोल केबलने राउटरला जोडायचा आणि मोबाईल ५ गिगाहर्ट्झवर ठेवायचा. फक्त ५ गिगाहर्ट्झची लहर भिंतींपुढे लवकर दमते, त्यामुळे दोन भिंतींपलीकडच्या खोलीत अपेक्षा बेतानेच ठेवा.

तुम्ही ऑफिसमधून किंवा दुसऱ्या गावातून घरच्या कन्सोलवर खेळणार असाल तर मात्र गणित उलटं होतं. तेव्हा तुमचं घरच डेटा सेंटर बनतं आणि सगळा व्हिडिओ घरच्या अपलोडमधून बाहेर पडतो. वरच्या घरातला २० एमबीपीएसचा अपलोड सोनीच्या १५ ला जेमतेम पुरतो, आणि ताईचा बॅकअप सुरू झाला की तोही नाही.

तिसरी शक्यता घराच्या हातात नसलेली. राउटरपर्यंत सगळं शांत, घरात कोणी काही अपलोड करत नाही, तरी रोज रात्री नऊनंतर बाहेरचा आकडा उड्या मारतो. मग गर्दी कंपनीच्या नेटवर्कमध्ये आहे. अशा वेळी दुपारचे आणि रात्रीचे पिंगचे स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा, कारण नुसतं "नेट स्लो आहे" म्हटलं की समोरचा स्पीड टेस्ट करायला सांगतो आणि त्यात ३०० दिसतात. आकडा दिवसरात्र सारखाच जास्त असेल तर प्रश्न अंतराचा असू शकतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. मुंबईतल्या सर्व्हरवर खेळणाऱ्या नागपूरकराला यामुळे आठेक मिलिसेकंद मोजावे लागतात, ते चालून जातं. सर्व्हर सिंगापूरला असेल तर मुंबईहूनही ४० च्या आसपास नुसत्या प्रवासातच जातात, आणि केबल प्रत्यक्षात सरळ रेषेत जात नसल्यामुळे खरा आकडा आणखी मोठा असतो. हे अंतर कोणताही प्लॅन कमी करू शकत नाही. म्हणून क्लाउड गेमिंगचे वर्षाचे पैसे भरण्याआधी त्या सेवेचा सर्व्हर कुठे आहे ते विचारा. आधी एकाच महिन्याचे पैसे भरा आणि तुमच्या रोजच्या खेळायच्या वेळेलाच तो वापरून बघा. पत्ते किंवा बुद्धिबळ खेळणाऱ्याला १०० मिलिसेकंद जाणवणारही नाहीत. टेकन खेळणाऱ्याला पहिल्याच फेरीत कळेल.