बाविसाव्या पायरीवर यूट्यूब, चोविसाव्या पायरीवर पाकिस्तान

२४ फेब्रुवारी २००८, रविवार. पाकिस्तान सरकारने देशात यूट्यूब बंद करण्याचा आदेश काढला होता. तो पाळण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने आपल्या जाळ्यात एक नोंद घातली: 208.65.153.0/24 या पत्त्यांकडे जाणारं सगळं आमच्याकडे पाठवा. ही नोंद देशाबाहेर पडायला नको होती, पण पडली. जागतिक वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजून ४७ मिनिटांनी ती त्यांना इंटरनेट पुरवणाऱ्या हाँगकाँगच्या कंपनीकडे पोहोचली आणि तिथून जगभर पसरली. काही मिनिटांत दूरदूरच्या देशांतून यूट्यूबकडे निघालेली पॅकेट्स पाकिस्तानात जाऊन विरू लागली.

यूट्यूबची स्वतःची नोंद, 208.65.152.0/22, या सगळ्या वेळात जागच्या जागी होती. ती कुणी पुसली नव्हती, बदलली नव्हती. तरीही राउटर तिला ओलांडून दुसरीकडे वळत होते, आणि नियमाप्रमाणे त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

तो नियम समजून घेऊ. इंटरनेटचा जुना, म्हणजे आयपीव्ही४ पत्ता हा ३२ बिटांचा, शून्य आणि एक यांचा बनलेला असतो. तिरक्या रेघेनंतरचा आकडा सांगतो की सुरुवातीचे किती बिट ठरलेले आहेत. /22 म्हणजे पहिले २२ बिट पक्के आणि उरलेले १० मोकळे, म्हणून त्यात १,०२४ पत्ते बसतात. /24 मध्ये २५६ बसतात. या ठरलेल्या सुरुवातीला प्रीफिक्स म्हणतात. राउटिंग टेबल म्हणजे अशा प्रीफिक्सची यादी आणि प्रत्येकापुढे पॅकेट कुठल्या दाराने बाहेर काढायचं याची नोंद. एखादा पत्ता दोन-तीन प्रीफिक्समध्ये बसत असेल, तर ज्याचे जास्त बिट जुळतात तो जिंकतो. १९९३ साली पत्त्यांचे ठरावीक वर्ग मोडून कोणत्याही लांबीचे प्रीफिक्स वाटायला सुरुवात झाली, तेव्हापासून सगळं इंटरनेट या नियमावर चालतं. त्यामुळे मोठा पट्टा एकाच नोंदीत मावतो आणि त्यातला एखादा तुकडा वेगळ्या वाटेने न्यायचा असेल, तर तेवढ्यापुरती लांब नोंद पुरते. पाकिस्तानातून आलेली नोंद दोन बिटांनी लांब होती. बस, एवढंच.

आता राउटरच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. समोर 208.65.153.238 हा पत्ता आहे, हा त्या काळी यूट्यूबचाच. यादी वरून खाली वाचत जायची, प्रत्येक नोंदीशी पत्त्याचे सुरुवातीचे बिट ताडून पाहायचे. याला क्रमाने शोधणं म्हणतात. समजा दोनशेव्या ओळीवर /22 जुळला. थांबायचं का? नाही, कारण नऊ लाखाव्या ओळीवर /24 असू शकतो. जुळणारं सापडल्यानंतरही शोध संपत नाही, ही या कामातली खरी अडचण. यादी लांब प्रीफिक्स वर अशा क्रमाने लावली तर पहिलं जुळलं की थांबता येतं, हे खरं. पण जगाच्या टेबलात निम्म्याहून जास्त नोंदी /24 च्या आहेत. ज्या पत्त्याचं उत्तर एखाद्या /16 मध्ये आहे, त्याला जवळपास सगळी यादी ओलांडूनच तिथे पोहोचावं लागतं.

हिशोब करू. आज हे टेबल साधारण दहा लाख नोंदींचं आहे. एका नोंदीला एक नॅनोसेकंद दिला, तरी पूर्ण यादीला एक मिलिसेकंद लागतो. आणि दहा गिगाबिटच्या एका वाहिनीवर, सगळी पॅकेट्स सर्वांत लहान आकाराची असली तर, सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख येतात. म्हणजे एका पॅकेटसाठी ६७ नॅनोसेकंद. राउटर एक यादी वाचून संपवेपर्यंत दारात जवळपास पंधरा हजार पॅकेट्स उभी राहतात. एवढी ठेवायला जागा नसते, ती टाकून दिली जातात.

यातून बाहेर पडायची वाट टपाल खात्यातल्या माणसांना माहीत होती. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे पिनकोड आला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून. टपाल वेगळं करणारा कर्मचारी पत्राचा पिनकोड देशातल्या सगळ्या टपाल कार्यालयांच्या यादीशी ताडून पाहत नाही. पहिला अंक ४ दिसला की पत्र या विभागाचं, ४०३ दिसलं की गोव्याकडचं. पुढचा खण कुठला, हे पत्त्याचा अंकच सांगतो. देशात टपाल कार्यालयं कितीही वाढली तरी पिनकोड सहाच अंकी राहतो.

संगणकात हीच रचना झाडाच्या रूपात मांडतात. तिचं नाव ट्राय. एडवर्ड फ्रेडकिन यांनी १९६० मध्ये ‘रिट्रीव्हल’ या शब्दाच्या पोटातून हे नाव काढलं. ते स्वतः त्याचा उच्चार ‘ट्री’ करत, पण ‘ट्री’ म्हणजे झाड असा गोंधळ नको म्हणून ‘ट्राय’ रूढ झालं. झाडाच्या मुळाशी उभं राहायचं. पत्त्याचा पहिला बिट शून्य असेल तर डावी फांदी, एक असेल तर उजवी. मग दुसरा बिट, मग तिसरा. जिथे एखादा प्रीफिक्स संपतो त्या पायरीवर एक खूण ठेवलेली असते: इथपर्यंत आलेल्याने अमुक दाराने जावं.

त्या रात्रीच्या तीन ओळी बिटांत लिहिल्या की चाल डोळ्यांसमोर येते:

```
208.65.152.0/22   11010000 01000001 100110
208.65.153.0/24   11010000 01000001 10011001
208.65.153.238    11010000 01000001 10011001 11101110
```

पत्ता फांद्या पकडत खाली उतरतो. बाविसाव्या पायरीवर यूट्यूबची खूण आहे. ती लक्षात ठेवायची, पण थांबायचं नाही. पुढचा बिट शून्य, तिकडे फांदी आहे. त्यापुढचा एक, तिकडेही फांदी आहे. चोविसाव्या पायरीवर पाकिस्तानची खूण दिसते, म्हणून आधीची विसरून ही लक्षात ठेवायची. पंचविसावा बिट एक आहे, पण तिकडे फांदीच नाही. शोध संपला, उत्तर पाकिस्तान. आता 208.65.152.10 घ्या. बाविसाव्या पायरीपर्यंत वाट तीच. मग शून्य, आणि पुढे पुन्हा शून्य. तिकडे फांदी नाही. हातात असलेली शेवटची खूण यूट्यूबची, म्हणून हे पॅकेट नीट घरी जातं. सर्वांत लांब प्रीफिक्स शोधण्यासाठी वेगळं काही करावंच लागलं नाही. खाली उतरताना शेवटची खूण हातात ठेवली, एवढ्यात नियम पाळला गेला. मला ट्रायमधली ही गोष्ट वेगाहूनही जास्त भावते.

पायऱ्या किती? जास्तीत जास्त ३२. टेबलात हजार नोंदी असोत वा दहा लाख, पत्ता ३२ बिटांचाच.

तरीही हे साधं झाड जसंच्या तसं राउटरमध्ये बसवत नाहीत. प्रत्येक पायरी म्हणजे मेमरीतून एक वाचन. मुख्य मेमरीतून वाचायला ८० नॅनोसेकंद धरले, तर २४ पायऱ्यांना दोन मायक्रोसेकंद होतात. तेवढ्यात तीसएक पॅकेट्स येतात. पंधरा हजारांवरून तीसवर आलो, पण हवं आहे एक.

इथे दोन युक्त्या आहेत. पहिली १९६८ मधली, डोनाल्ड मॉरिसन यांची: ज्या पायऱ्यांवर दुसरी फांदीच नाही, त्या गाळायच्या आणि किती बिट गाळले ते लिहून ठेवायचं. फक्त गाळलेले बिट शेवटी ताडून पाहायला विसरायचं नाही, नाहीतर भलताच पत्ता आपला म्हणून परत येतो. दुसरी युक्ती एकेक बिट न घेता आठ-आठ बिट एकदम घ्यायची. मग प्रत्येक पायरीवर दोन फांद्यांऐवजी २५६ खणांचा तक्ता असतो आणि चार वाचनांत काम होतं. लिनक्समधलं राउटिंग टेबल या दोन्ही युक्त्या एकत्र करणारा ट्राय वापरतं. लिनक्सच्या संगणकावर `cat /proc/net/fib_triestat` असं लिहिलं, तर आपल्याच झाडाची सरासरी आणि कमाल खोली वाचता येते.

आठ-आठ बिटांची किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते. /22 हा प्रीफिक्स तिसऱ्या तक्त्याच्या मधेच संपतो. म्हणून त्याची नोंद चार खणांत उतरवावी लागते: 152, 153, 154 आणि 155. पाकिस्तानची /24 आली की 153 या खणावरची यूट्यूबची नोंद झाकली जाते.

मी पहिल्यांदा असा ट्राय लिहिला, तेव्हा नेमका इथेच फसलो. नोंदी घालणं बिनचूक चाललं, शोधणंही. मग एक /24 काढली आणि तो खण मी रिकामा केला. खाली झाकलेला /22 परत उघडा व्हायला हवा होता, आणि माझ्याकडे तो कुठे लिहूनच ठेवलेला नव्हता. एक हजार चोवीस पत्त्यांच्या पट्ट्यात बरोबर मधले २५६ पत्ते हरवले, बाकीचे व्यवस्थित. अशी चूक दोन-चार पत्ते टाकून पाहिल्याने सापडत नाही. ती सापडली क्रमाने शोधणाऱ्या दहा ओळींच्या प्रोग्रॅममुळे. हजारो नोंदी वाटेल तशा घालत-काढत राहिलो आणि दर वेळी तोच पत्ता दोघांना विचारला. उत्तरं जुळली नाहीत, त्या पहिल्याच पत्त्याच्या तिसऱ्या आकड्यात चूक होती. तेव्हापासून मूळ प्रीफिक्सची यादी मी तक्त्यांच्या शेजारी वेगळी ठेवतो, आणि तो संथ प्रोग्रॅमही. घरच्या राउटरमध्ये चार-पाच नोंदी असतात, तिथे तर क्रमाने शोधणंच सोपं आणि पुरेसं आहे.

त्या रविवारी यूट्यूबने काय केलं, तेही याच झाडावर दिसतं. रात्री ८ वाजून ७ मिनिटांनी त्यांनीही 208.65.153.0/24 जाहीर केला. आता चोविसाव्या पायरीवर दोघांचे दावे झाले. लांबी सारखी असल्याने निवाडा झाडाच्या हातात उरला नाही. जो राउटर ज्याच्या जवळ, तो त्याच्याकडे गेला. अकरा मिनिटांनी यूट्यूबने त्या खाली आणखी एक पायरी बांधली: 208.65.153.0/25 आणि 208.65.153.128/25. आपला 238 ज्या पंचविसाव्या बिटावर अडला होता, तिथे आता फांदी होती. पण /24 हून लांब नोंदी अनेक जाळी स्वीकारतच नाहीत, म्हणून ही फांदी सगळ्यांच्या झाडांवर उगवली नाही. रात्री ९ वाजून १ मिनिटाने हाँगकाँगच्या कंपनीने पाकिस्तानकडून आलेल्या नोंदी काढून घेतल्या, आणि मग जगभरच्या झाडांतली चोविसाव्या पायरीवरची ती खूण पुसली गेली.