खांब तोच, उंची दुप्पट

जुन्या वाड्यात दुकान किंवा कॅफे थाटायचा म्हटलं, की जागा ऐसपैस दिसावी म्हणून मधली माडी काढून टाकायची कल्पना कुणीतरी हमखास काढतं. खांब तर तसेच राहणार आहेत, शिवाय माडीचं वजनही कमी होणार, मग बिघडलं कुठे? बिघडतं ते असं, की खांबाला हात न लावताही त्याची ताकद जवळजवळ पाऊण हिश्शाने घटू शकते.

आखूड लाकडी ठोकळ्यावर वजन वाढवत नेलं, तर शेवटी त्याचे तंतू चिरडतात. लांब, सडपातळ खांब मात्र चिरडण्याच्या कितीतरी आधी मध्यावर बाजूला वाकतो आणि एकदा वाकला की सावरत नाही. म्हणून खांब तपासताना पहिला प्रश्न असतो तो किती सडपातळ आहे हा. भारतीय मानक आयएस ८८३ मध्ये भरीव लाकडी खांबासाठी याचं माप सोपं आहे: आधाराविना असलेली लांबी भागिले खांबाची सर्वात कमी जाडी. हे गुणोत्तर ११ पर्यंत असेल तर खांब आखूड समजतात आणि लाकडाचा पूर्ण अनुज्ञेय दाब वापरता येतो. ११ च्या पुढे दाब हळूहळू उतरत जातो. एका टप्प्यानंतर खांब ‘लांब’ ठरतो. ५० च्या वर मात्र परवानगीच नाही.

आता प्रत्यक्ष हिशोब करू. खांब १५० बाय १५० मिलिमीटरचा, तळमजल्यापासून छपरापर्यंत सलग, ६ मीटर उंच. मध्यावर, ३ मीटरवर, माडीच्या तुळया त्याला दोन्ही दिशांनी धरून आहेत. सागवानाच्या जवळपास जाणारे, हिशोबाला सोयीचे आकडे घेऊ: तंतूंच्या दिशेने अनुज्ञेय दाब ९ आणि स्थितिस्थापकता गुणांक १०,०००, दोन्ही न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. अशा लाकडाचा खांब गुणोत्तर २३.४ च्या पुढे गेलं की लांब ठरतो.

माडी असताना आधाराविना लांबी ३,००० मिलिमीटर, म्हणून गुणोत्तर २०. खांब मधल्या गटात बसतो. तिथल्या सूत्राने ९ चा दाब ७.४ वर येतो आणि खांब सुमारे १७ टन पेलतो. माडी काढली की लांबी ६,००० होते, गुणोत्तर ४०. आता लांब खांबाचं सूत्र लागतं:

fc = 0.329 E / (S/d)²

उत्तर येतं जेमतेम २.०६, म्हणजे सगळा मिळून ४.७ टन भार. माडीचं वजन उतरलं हे खरं, पण क्षमता १२ टनांहून अधिक घसरली. छपराचा आणि वरच्या भिंतींचा भार या ४.७ टनांत बसतो का, हे आता मोजावंच लागेल.

सूत्र नीट पाहिलं तर त्यात लाकडाच्या मजबुतीचा आकडाच नाही. E म्हणजे ताठपणा. S ही लांबी आणि d ही जाडी. ऑयलरने १७४४ मध्ये मांडलेल्या गणितातून हे आलं आहे. त्याचं उत्तर सुरक्षिततेसाठी अडीचने भागलं की ०.३२९ मिळतो. म्हणजे तितकाच ताठ पण जास्त दाब सोसणारा वासा आणून बसवला, तरी लांब खांबात फारसा फरक पडणार नाही. जाडी वाढवा, नाहीतर आधार द्या.

आधार द्यायचा तो योग्य दिशेने. समजा, तेवढंच लाकूड फळीसारखं, ७५ बाय ३०० मिलिमीटरचं आहे आणि उंची ३ मीटर. क्षेत्रफळ तेच, पण गुणोत्तर ४०, म्हणून भार पुन्हा ४.७ टनच. याला मध्यावर ७५ च्या दिशेने वाकू न देणारा पक्का आडवा जोड दिला, की त्या दिशेचं गुणोत्तर २० होतं आणि खांब परत १७ टनांवर जातो. तोच जोड ३०० च्या दिशेने दिला, तर लाकूड वाया. त्या दिशेने खांब वाकणारच नव्हता.

परिणामी लांबी टोकांवरही ठरते. खालचं टोक जमिनीत घट्ट रोवलेलं आणि वरचं मोकळं असेल, मांडवाच्या सुट्या खांबासारखं, तर ३ मीटरचा खांब हिशोबात ६ मीटरचा धरावा लागतो. दोन्ही टोकं अजिबात फिरू शकत नसतील तर पुस्तकात लांबी अर्धी होते. पण वाड्याचा खांब तळखड्यावर नुसता टेकलेला असतो, वरची कुसं लाकूड आकसून ढिली झालेली असतात. तिथे सूट न घेता पूर्ण लांबीच धरलेली बरी.

हे सगळे आकडे भार बरोबर मध्यातून उतरतो असं मानतात. तुळई खांबाच्या एका कडेवर टेकली असेल किंवा खांब आधीच वाकलेला असेल, तर क्षमता यापेक्षा कमी असते. म्हणून सोडवणुकीआधी दोन लगतच्या बाजूंवर वरपासून खालपर्यंत ताणून दोरी धरावी आणि मध्यावर ती खांबापासून किती सुटते किंवा खांब तिला किती ढकलतो, ते मोजून ठेवावं.