गोरेपणाचे इंजेक्शन : उजळलेला रंग टिकत का नाही?

विवाहसमारंभ दोन-तीन महिन्यांवर आला की ब्युटी क्लिनिकमध्ये 'ग्लुटाथिऑन'ची चौकशी वाढते. आठवड्यातून एक-दोन इंजेक्शने, जोडीला सी जीवनसत्त्व आणि पुढे रोज गोळ्या, असा हा 'कोर्स' असतो. औषध नैसर्गिक असल्याने अपाय नाही, रंग मात्र कायमचा उजळतो, असे सांगितले जाते. यातील 'नैसर्गिक' हा शब्द तेवढा खरा आहे.

ग्लुटाथिऑन आपल्या प्रत्येक पेशीत तयार होते. तीन अमिनो आम्लांपासून बनलेला हा पदार्थ यकृतात विपुल असतो आणि घातक रसायने निष्प्रभ करणे हे त्याचे मुख्य काम. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन बनण्यासाठी टायरोसिनेज नावाचे विकर लागते. ग्लुटाथिऑन या विकराला अडथळा करते आणि काळपट मेलॅनिनऐवजी पिवळसर-तांबूस मेलॅनिन बनण्याकडे कल वळवते. प्रयोगशाळेतील या निरीक्षणावरच सारा व्यापार उभा आहे. दावा अगदीच निराधार नाही, हीच त्यातली मेख आहे.

माणसांवर काय घडते, हे पाकिस्तानातील त्वचारोगतज्ज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका चाचणीतून कळते. ५० महिलांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला १२०० मिलिग्रॅम ग्लुटाथिऑन आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे शिरेतून देण्यात आले; दुसऱ्या गटाला नुसते सलाईन. प्रत्येक गटातील १६ जणींनीच उपचार पूर्ण केले. औषध घेणाऱ्यांपैकी सहा जणींचा रंग उजळल्याचे आढळले. सलाईन घेणाऱ्यांपैकीही तिघींचा उजळला! म्हणजे केवळ मिठाच्या पाण्याने गोरे झालेल्यांची संख्या औषधाने गोरे झालेल्यांच्या निम्मी होती. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ठाम सिद्ध होत नाही. त्याहून बोलका आहे तो नंतरचा हिशेब. सहा महिन्यांनी त्या सहांपैकी एकीचाच उजळपणा टिकून होता.

असे का व्हावे? शिरेतून दिलेले ग्लुटाथिऑन रक्तात फार काळ राहत नाही. काही मिनिटांतच त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. त्वचेत मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी मात्र जिथल्या तिथे असतात. किती आणि कोणते मेलॅनिन बनवायचे, हे त्यांना आनुवंशिकतेने ठरवून दिलेले असते आणि ऊन त्यांना सतत चेतवीत असते. औषध थांबले की विकरावरील अडथळा दूर होतो. त्वचेचा वरचा थर साधारण महिन्याभरात नव्याने घडतो आणि त्या नव्या थरात पूर्वीचाच रंग उतरतो. म्हणूनच कोर्स संपला की 'मेंटेनन्स डोस' सुचवला जातो. कायमच्या गोरेपणाला देखभालीची गरज का पडावी, असा प्रश्न तिथे विचारायला हरकत नाही.

गोळ्यांची अडचण वेगळी. पोटात गेलेल्या ग्लुटाथिऑनचा बराचसा भाग पचनसंस्थेतच तुटतो. थायलंडमध्ये ६० वैद्यकीय विद्यार्थ्यांना चार आठवडे रोज ५०० मिलिग्रॅम ग्लुटाथिऑन किंवा बिनऔषधी कॅप्सूल देण्यात आल्या. शरीरावरील सहा ठिकाणी मोजमाप झाले. लक्षणीय फरक दोनच ठिकाणी दिसला.

खरी चिंता इंजेक्शनची आहे. पाकिस्तानच्या त्याच चाचणीत औषध घेणाऱ्या आठ जणींच्या यकृताच्या कार्यात बिघाड आढळला, तर एकीला जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी झाली. फिलिपिन्समध्ये या इंजेक्शनला परवानगी आहे ती सिस्प्लॅटिन या कर्करोगावरील औषधासोबत पूरक म्हणून. गोरेपणासाठी त्याचा वापर बोकाळल्यावर तेथील औषध प्रशासनाने २०११ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला. मूत्रपिंड निकामी होणे, थायरॉईडचे कार्य बिघडणे आणि त्वचा सोलवटून निघणारा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम यांचा उल्लेख त्या इशाऱ्यांत आहे. अमेरिकेत तर पूरक आहारासाठीच्या भुकटीपासून इंजेक्शने बनवली गेली आणि ती घेतलेले रुग्ण आजारी पडल्याचे २०१९ मध्ये तेथील प्रशासनाने जाहीर केले. गोळीत चालणारी भुकटी शिरेत चालत नाही. सोबतच्या सी जीवनसत्त्वाची मोठी मात्राही सर्वांना निर्धोक नसते. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या तांबड्या रक्तपेशी त्याने फुटू शकतात.

ज्यांनी अशी इंजेक्शने घेतली आहेत, त्यांनी डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, लघवीचे प्रमाण घटणे किंवा अंगावर वेदनादायी पुरळ उठून तोंडात फोड येणे, यांपैकी काहीही दिसल्यास पुढचा डोस घेऊ नये. क्लिनिककडे न जाता थेट रुग्णालय गाठावे आणि कुपीवरील नाव व मात्रा तेथील डॉक्टरांना दाखवावी. श्वास अडणे किंवा चेहरा सुजणे ही लक्षणे इंजेक्शननंतर काही मिनिटांतच दिसू शकतात. तेव्हा ॲड्रिनलीन हाताशी लागते.