व्हिडिओ चढला की सूचना आपोआप

यूट्यूब प्रत्येक चॅनलची एक फीड ठेवते. तीत शेवटच्या १५ व्हिडिओंची शीर्षके, ओळख-क्रमांक आणि वर्णन असते. एक छोटा प्रोग्रॅम ती फीड ठरावीक वेळाने वाचतो आणि नवा क्रमांक दिसला की सभासदांसाठी सूचना तयार करतो. समजा, स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओच्या वर्णनात असे लिहिले आहे:

```
0:00 नांदी
12:34 मुलांची नाटिका
41:10 भैरवी
```

प्रोग्रॅम वेळेने सुरू होणाऱ्या या ओळी उचलतो. वर्णनात इतर दुवे असतील तर तेही. १२ मिनिटे ३४ सेकंद म्हणजे ७५४ सेकंद. व्हिडिओच्या दुव्याला `&t=754s` जोडले की आजी-आजोबा थेट नातवंडांच्या नाटिकेवर पोहोचतात.

खरी गोम पुढे आहे. सूचना गेली की प्रोग्रॅम तो क्रमांक आपल्या खात्यात नोंदवतो आणि पुन्हा त्याकडे पाहत नाही. तसे केले नाही, तर तीच सूचना दर फेरीत जात राहील. पण यामुळेच रिकाम्या वर्णनाचा व्हिडिओ घाईने टाकला, तर सूचनाही रिकामी जाते, आणि मागाहून भरलेल्या वेळा कोणाला कळत नाहीत. म्हणून व्हिडिओ आधी `Private` ठेवावा, वर्णन पूर्ण करावे आणि मगच `Public` करावा.