शब्दांचा व्यवहार – भाग ६ : सीएची ओळख, जाहिरातीविना

वेबसाइट बनवून देणाऱ्याने सीएच्या टेबलावर ठेवलेला पहिला मसुदा बहुधा असा असतो: ‘जिल्ह्यातील अग्रगण्य फर्म. ५००हून अधिक समाधानी ग्राहक. २७ वर्षांचा अनुभव. करबचतीची हमी!’ शेजारी हस्तांदोलन करणारे दोन कोट, खाली चार कंपन्यांचे लोगो. हाच मजकूर सोलर पॅनेलवाल्याला किंवा जिमवाल्याला चालून गेला असता. सीएला तो चालत नाही, आणि त्याचं कारण चवीचं नाही, कायद्याचं आहे.

सनदी लेखापाल अधिनियम १९४९ सालचा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत व्यावसायिक गैरवर्तनाची यादी आहे. तिच्यातला सहावा खंड काम मागत फिरण्याला मनाई करतो आणि सातवा खंड आपल्या व्यावसायिक कर्तबगारीची जाहिरात करण्याला. २००६च्या दुरुस्तीने सातव्या खंडाला एक फट ठेवली: फर्मची माहिती आणि ती देत असलेल्या सेवा सांगणारं टिपण देता येईल, पण सनदी लेखापालांच्या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या चौकटीत. ही तत्त्वं २००८ साली आली. त्यांनी टिपणातल्या अक्षराचा आकारसुद्धा ठरवला, चौदा पॉइंटपेक्षा मोठा नको! हसू येतं खरं, पण हेतू स्पष्ट आहे. अक्षर ओरडू लागलं की मजकूरही ओरडतो. अशी तत्त्वं वेळोवेळी सुधारली जातात, त्यामुळे मजकूर चढवण्याच्या दिवशी संस्थेचं ताजं पत्रक वाचणं बरं.

आता तो मसुदा तपासू. फर्म कल्पित आहे. भागीदार दोन, गाव जिल्ह्याचं, स्थापना २०१२ची. एक भागीदार २००८ साली सीए झाले, दुसऱ्या बाई २०१५ साली.

‘अग्रगण्य’ पहिल्या फटक्यात जातं. दुसऱ्यापेक्षा आपण वरचढ, असा दावा २००८च्या तत्त्वांत बसत नाही, आणि तो तपासण्याची सोयही वाचकाकडे नसते. ‘समाधानी ग्राहक’ही त्याच वाटेने जातात, कारण प्रशस्तिपत्रांना मनाई आहे. लोगोंची गोष्ट जरा नाजूक. कोणाचे हिशेब आपण पाहतो हे मिरवणं म्हणजे अशिलाची ओळख त्याच्या परवानगीशिवाय भिंतीवर टांगणं. वेबसाइटविषयीच्या नियमांनी अशिलांची नावं आणि आकारलेली फी यांना बंदी केली. एखाद्या नियामकाने मागितलीच, तर त्याने मागितलं तेवढंच सांगायचं.

खरी गंमत आहे ती ‘२७ वर्षांचा अनुभव’मध्ये. हा आकडा आला कुठून? २०२५ साली मजकूर लिहिताना पहिल्या भागीदाराची १७ वर्षं आणि दुसऱ्यांची १० वर्षं यांची बेरीज केली गेली. फर्म मात्र तेरा वर्षांची. आकडा खोटा नाही, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे १९९८ साली उघडलेलं ऑफिस उभं राहतं. ताळेबंदात असली बेरीज एखाद्या अशिलाने केली असती, तर याच सीएने लाल पेनने गोल केला असता.

अशा बेरजेवर उपाय साधा आहे. बेरीज करायची नाही, सालं द्यायची. ‘स्थापना २०१२. भागीदार: सीए २००८, सीए २०१५.’ ज्याला हवं तो वजाबाकी करून घेईल.

नावापुढच्या अक्षरांचंही तसंच. एसीए आणि एफसीए या दोन परीक्षा आहेत, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. सीए झालेला सभासद असोसिएट असतो, आणि किमान पाच वर्षं सलग प्रॅक्टिस केल्यावर त्याला फेलो होता येतं. म्हणजे एफसीए हा मुरल्याचा दाखला आहे, अधिक शिकल्याचा नव्हे. डीआयएसए हा मात्र खरोखर वेगळा अभ्यासक्रम आहे, माहिती-प्रणालींच्या ऑडिटचा. किराणा दुकानदाराला त्याचं काय? त्यामुळे अक्षरांची माळ नुसती लटकवण्यापेक्षा एक वाक्य जोडावं: ‘संगणकावर ठेवलेल्या हिशेबांच्या प्रणालीचं ऑडिट करण्याचं प्रशिक्षण त्यांनी घेतलं आहे.’ पात्रता तीच, पण आता ती कळते.

सेवांची यादी हे तिसरं दुखणं. ‘ऑडिट, टॅक्सेशन, जीएसटी, कन्सल्टन्सी’ असं लिहिलं की सगळं लिहिलं आणि काहीच लिहिलं नाही. आपल्याकडचं उदाहरण घ्या. गृहनिर्माण संस्थेचे सेक्रेटरी ऑडिटर शोधत आहेत. महाराष्ट्रात सहकारी संस्थेचं ऑडिट करणारा शासनमान्य नामतालिकेवर असावा लागतो, आणि त्याची नेमणूक संस्थेची सर्वसाधारण सभा करते. कुणीही सीए उठून ते करू शकत नाही. तेव्हा ‘आमचे एक भागीदार सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षकांच्या नामतालिकेवर आहेत’ हे एक वाक्य सेक्रेटरींचा फोन वाचवतं. आणि फर्म ते काम करत नसेल, तर ‘सहकारी संस्थांचं ऑडिट आम्ही करत नाही’ हेही लिहावं. नकार लिहायला धीर लागतो, पण जी फर्म काय करत नाही ते सांगते, तिच्या ‘करतो’वर वाचणारा विश्वास ठेवतो.

काटछाट झाल्यावर मजकूर उरतो तो असा: ‘ही भागीदारी फर्म २०१२ पासून काम करते. व्यक्ती, दुकानदार आणि लहान कारखाने यांचे हिशेब, आयकर आणि जीएसटीचं काम येथे होतं. ऑडिटचं काम पहिले भागीदार पाहतात, कराची प्रकरणं दुसऱ्या. दोघांचे सभासद क्रमांक आणि फर्मचा नोंदणी क्रमांक खाली दिले आहेत. ही माहिती अमुक तारखेपर्यंतची आहे.’ जोडीला पासपोर्ट आकाराचे दोन फोटो. हस्तांदोलन नको.

शेवटच्या दोन ओळी कोरड्या वाटतात, पण सगळं वजन त्यांच्यावरच आहे. फर्म नोंदणी क्रमांकात ‘डब्ल्यू’ हे अक्षर असेल, तर फर्म पश्चिम विभागात नोंदलेली आहे, आणि महाराष्ट्र व गोवा त्याच विभागात येतात. सभासद क्रमांकाचा उपयोग आणखी मोठा. सीए नसलेले लोक सीएच्या नावाने दाखले देऊ लागले, तेव्हा सनदी लेखापालांच्या संस्थेने यूडीआयएन हा क्रमांक आणला. १ फेब्रुवारी २०१९ पासून दाखल्यांवर तो सक्तीचा झाला, आणि त्याच वर्षी जुलैपर्यंत ऑडिटच्या बाकी कामांवरही. क्रमांक अठरा खुणांचा असतो: पहिले दोन आकडे सालाचे, पुढचे सहा सभासद क्रमांकाचे, उरलेल्या दहा खुणा त्या कागदापुरत्या.

म्हणजे बँकेला दिलेल्या नेटवर्थच्या दाखल्यावरच्या यूडीआयएनचा तिसरा ते आठवा आकडा आणि फर्मच्या पानावरचा सभासद क्रमांक जुळला पाहिजे. जुना क्रमांक पाच आकडी असेल, तर आधी शून्य येतं, एवढं ध्यानात ठेवायचं. जुळला नाही, तर एक तर पान जुनं आहे किंवा सही दुसऱ्याची आहे. जुळला तरी दाखल्यातला मजकूर बरोबर आहे असं सिद्ध होत नाही. तो क्रमांक त्या सभासदाच्या खात्यातून निघाला, एवढंच कळतं, आणि तेही udin.icai.org वर क्रमांक घालून पाहिल्यावर. वाचकांपैकी कुणाच्या कपाटात सीएचा दाखला असेल, तर तो आजच काढून ते सहा आकडे ताडून पाहावेत.